कटऑफ आठ गुणांनी हुकला, तर आधी काय तपासायचे?

प्रश्न: "2024 च्या यूपीएससी पूर्वपरीक्षेत जीएसला मला 80 गुण मिळाले. खुल्या प्रवर्गाचा कटऑफ 87.98 होता. सीसॅट आरामात निघाला. हा माझा दुसरा प्रयत्न. 2025 ला घरच्या अडचणीमुळे बसता आले नाही, आता पुढच्या वर्षी बसायचे आहे. 88 प्रश्न सोडवले, त्यात 52 बरोबर आणि 36 चूक. टेस्ट सिरीजच्या सवयीमुळे परीक्षेतच रफ वर्कच्या पानावर प्रत्येक उत्तराची खात्री लिहिली होती. पक्के 40, त्यातले 35 बरोबर. दोन पर्यायांत अडकलेले 26, त्यातले 10 बरोबर. तिनांत अडकलेले 12, त्यातले 4 बरोबर. निव्वळ अंदाज 10, त्यातले 3 बरोबर. पूर्ण तक्ता सोबत जोडला आहे. मित्र म्हणतात, नशीब वाईट होते, तसाच अभ्यास चालू ठेव. मला वाटते क्लास, पुस्तके आणि वैकल्पिक विषयसुद्धा बदलावा. काय करू?"

उत्तर:

वैकल्पिक विषयाचे आधी सांगतो, कारण ते एका वाक्यात संपते. पूर्वपरीक्षेत वैकल्पिक विषय नसतोच, त्यामुळे पूर्वपरीक्षेच्या गुणांवरून तो बदलण्याला काहीही आधार नाही. मुख्य परीक्षेत त्या विषयात कमी गुण पडले असते तर गोष्ट वेगळी होती. पुण्यात दरवर्षी निकालानंतरच्या पंधरवड्यात हा निर्णय घेणारी मुले मी पाहतो. त्या निर्णयापायी त्यांचे पुढचे सहा-आठ महिने नव्या विषयाच्या पायाभरणीत जातात आणि ज्या पेपराने अडवले तो तसाच राहतो.

आता गुणांकडे येऊ. बरोबर उत्तराला 2 गुण, चुकीला त्याचा एक तृतीयांश वजा, म्हणजे 0.67. चूक उत्तराच्या जागी बरोबर उत्तर आले की 2.67 गुणांचा फरक पडतो. तुम्ही 7.98 गुणांनी मागे होतात. तीन चुका बरोबर ठरल्या असत्या तर 88.00 झाले असते आणि तुम्ही मुख्य परीक्षा दिली असती. तीन प्रश्न म्हटल्यावर मित्रांना नशीब आठवणे साहजिक आहे. ते बरोबर की चूक हे अंदाजाने ठरवायची गरज नाही. तुम्ही परीक्षेच्या वेळीच खात्री लिहून ठेवल्यामुळे ते मोजता येते.

या लिहिण्याचे मोल मोठे आहे. घरी येऊन उत्तरतालिका पाहिल्यावर स्मृती बदलते. बरोबर आलेले उत्तर "मला येतच होते" वाटू लागते आणि चुकलेले "थोडक्यात हुकले" वाटू लागते. मग पुढचे सगळे विश्लेषण त्या बदललेल्या आठवणीवर उभे राहते. हे वाचणाऱ्या इतरांसाठी एक सूचना: प्रश्नपुस्तिकेवर बैठक क्रमांकाशिवाय काही लिहू नये, असे मुखपृष्ठावर छापलेले असते. म्हणून या नोंदी शेवटच्या रफ वर्कच्या पानांवरच करायच्या. प्रश्नाचा क्रमांक आणि पुढे "प", "ब/क", "३" किंवा "०" इतके पुरे, त्याला दोन सेकंदही लागत नाहीत. पुस्तिका घरी नेता येते, त्यामुळे नोंद आपल्याकडेच राहते. पडताळणी मात्र क्लासच्या तालिकांवरून करू नका. दोन-चार प्रश्नांवर त्यांचे आपसात एकमत नसते. आयोगाची अधिकृत तालिका आल्यावर आकडे पुन्हा तपासून घ्या. तुमच्या तक्त्यात ते केलेले दिसते.

आता नशीब. चार पर्यायांतून डोळे मिटून एक निवडला तर चारांत एकदा 2 मिळतात आणि तीनदा 0.67 जातात, म्हणजे सरासरी शून्य. तीन पर्याय उरले तर प्रत्येक प्रश्नामागे सरासरी 0.22 गुण मिळतात आणि दोन उरले तर 0.67. (राज्यसेवा देणाऱ्यांनी हे आकडे जसेच्या तसे घेऊ नयेत. तिथे चुकीला एक चतुर्थांश गुण जातात, त्यामुळे निव्वळ अंदाजही किंचित फायद्यात जातो.) या हिशेबाने तुमच्या तिनांत अडकलेल्या 12 प्रश्नांत 4 बरोबर यायला हवे होते आणि 4 च आले. निव्वळ अंदाजाच्या 10 मध्ये दोन-तीन यायला हवे होते आणि 3 आले. या दोन्ही ठिकाणी नशिबाने तुम्हाला काही कमी दिलेले नाही.

दोनांत अडकलेल्या 26 चे तसे नाही. तिथे 13 अपेक्षित होते आणि आले 10. कमी पडले नेमके तीन, म्हणजे नेमके 8 गुण. मित्रांचे म्हणणे इथे सिद्ध झाल्यासारखे दिसते. नाणे 26 वेळा उडवून 10 वेळाच छापा येणे ही काही अघटित गोष्ट नाही, असे सहज घडते. बहुतेक जण इथेच थांबतात. मीही तुमचा फक्त गोषवारा पाहिला असता तर "नशीब थोडे कमी पडले" असेच म्हणालो असतो.

पण तक्त्यात तुम्ही कोणत्या दोन पर्यायांत अडकलात तेही लिहिले आहे. म्हणून प्रत्येक चुकलेल्या प्रश्नाला आणखी एक गोष्ट विचारता येते: जे दोन पर्याय हातात उरले होते, त्यांत बरोबर उत्तर होते का? दोनांत अडकून चुकलेले 16 प्रश्न मी तालिकेशी ताडून पाहिले. 9 प्रश्नांत बरोबर उत्तर तुमच्या दोनांत होते आणि तुम्ही दुसरे निवडले. उरलेल्या 7 प्रश्नांत बरोबर उत्तर तुम्ही आधीच उडवून टाकले होते. त्या सातांत नाणे उडवायला काही उरलेच नव्हते. उरलेल्या दोनांपैकी काहीही निवडले असते तरी ते चूकच ठरले असते.

याचा अर्थ खरे पन्नास-पन्नास प्रश्न 26 नव्हते, 19 होते, आणि त्यांत तुमचे 10 बरोबर आले. एकोणिसांत दहा म्हणजे निम्म्याहून किंचित जास्तच. तुमचे नशीब या पेपरात अगदी सरासरी होते. जे वाईट नशीब वाटत होते ते पर्याय उडवण्याच्या पद्धतीतला दोष होता, आणि पद्धत न बदलता पुन्हा बसलात तर तो दोष पुन्हा दिसेल. "तसाच अभ्यास चालू ठेव" या सल्ल्याशी मी सहमत नाही, ते या सात प्रश्नांमुळे.

हे सात पर्याय का उडवले ते तुम्ही शेजारच्या रकान्यात लिहिले आहे. चार ठिकाणी कारण आहे "टोकाचे विधान". हा नियम क्लासमध्ये फार लोकप्रिय आहे: विधानात "कोणत्याही", "फक्त", "सर्व", "कधीही नाही" असे शब्द दिसले की विधान चूक समजा. काही पेपरांत तो चालला, म्हणून रुजला. आयोगाला हा नियम ठाऊक आहे. 2018 च्या पेपरात राज्यपालांवर एक प्रश्न होता. कार्यकाळात राज्यपालांविरुद्ध कोणत्याही न्यायालयात कोणतीही फौजदारी कारवाई सुरू करता येणार नाही, असे त्यातले एक विधान. कार्यकाळात त्यांचे वेतन आणि भत्ते कमी करता येणार नाहीत, असे दुसरे. दोन्ही विधाने टोकाची, दोन्ही बरोबर. पहिले अनुच्छेद 361 मध्ये आहे आणि दुसरे अनुच्छेद 158 मध्ये. राज्यघटनेची भाषाच अशी ठाम आहे. तिथे ठाम शब्दांवरून विधान उडवणे म्हणजे घटनेच्या मजकुरावरच फुली मारणे. विज्ञान किंवा शासकीय योजनांच्या प्रश्नांत हा नियम थोडा अधिक उपयोगी पडतो, पण तिथेही तो संशय घेण्यापुरता ठीक आहे, निकाल देण्यापुरता नाही.

2023 पासून आणखी एक गोष्ट बदलली आहे. "वरीलपैकी किती विधाने बरोबर आहेत?" असे विचारून "फक्त एक, फक्त दोन, तिन्ही, एकही नाही" असे पर्याय देण्याचा प्रकार त्या वर्षी मोठ्या प्रमाणावर आला. जुन्या रचनेत, जिथे पर्याय "फक्त 1 आणि 2", "फक्त 2 आणि 3" असे असत, एक विधान नक्की चूक आहे हे कळले की दोन पर्याय आपोआप गळत. नव्या रचनेत तसे होत नाही. एक विधान नक्की चूक असल्याचे कळले तर फक्त "तिन्ही" हा पर्याय जातो. तुमच्या सातांपैकी दोन प्रश्न या रचनेचे आहेत. त्यांत तुम्ही जुन्या सवयीने एकाच विधानावरून दोन पर्याय बाद केले. टोकाच्या विधानांची चार कारणे आणि ही दोन यांत एका प्रश्नापुरता दुहेरी दोष आहे, त्यामुळे पद्धतीच्या दोषाचे प्रश्न एकूण पाच होतात. उरलेल्या दोन प्रश्नांत पर्याय उडवण्यामागे तथ्य होते, पण ते तथ्य तुमच्या डोक्यात चुकीचे बसलेले होते. ती ज्ञानाची उणीव आहे, डावपेचाची नाही. ती वेगळी ठेवा, कारण तिचा उपायही वेगळा आहे.

"पक्के" म्हणून चुकलेल्या पाच प्रश्नांकडे बहुतेक जण सगळ्यात शेवटी पाहतात आणि "सिली मिस्टेक" म्हणून सोडून देतात. मला तो शब्दच आवडत नाही, कारण एकदा तो लावला की तपास थांबतो. तुमच्या पाचांपैकी दोन ठिकाणी "बरोबर नाही ते निवडा" असे विचारले होते आणि तुम्ही बरोबर असलेले निवडले. दोन्ही प्रश्न पेपराच्या शेवटच्या पंचविसांत आहेत, म्हणजे बहुधा थकव्याने किंवा घाईने प्रश्नाची शेवटची ओळ निसटली. हा पेपर फक्त इंग्रजी आणि हिंदीत असतो. तुम्ही मराठीत शिकलेल्या गोष्टी इंग्रजीत वाचत होतात, तेव्हा थकल्यावर आधी तेच निसटणार. ही पेपर सोडवण्याच्या पद्धतीतली चूक आहे आणि ती सरावाने सुधारते.

उरलेले तीन मात्र खरोखर चुकीचे शिकलेले आहेत. त्यातला एक पाहा. रिझर्व्ह बँक खुल्या बाजारात सरकारी रोखे विकते तेव्हा बँकांकडचा पैसा वाढतो, असे तुम्ही धरले. उलट आहे. रोखे विकत घेणारा पैसे देतो, त्यामुळे पैसा रिझर्व्ह बँकेकडे जातो आणि बँकांकडची रोखता कमी होते. दिशा उलटी बसली की त्या संकल्पनेवरचा प्रत्येक प्रश्न खात्रीने चुकतो. पूर्ण अज्ञान असते तेव्हा माणूस प्रश्न सोडतो किंवा जपून निवडतो. चुकीचे ज्ञान मात्र दरवेळी उणे 0.67 देते आणि वर ते बरोबरच आहे असा विश्वासही देते. म्हणून ज्ञानाच्या उणिवांत मी सगळ्यात आधी हीच हाताळायला सांगतो. तुमच्याकडे असे प्रश्न पक्क्यांतले तीन आणि उडवलेल्यांतले दोन, एकूण पाच आहेत. पाचांपैकी तीन अर्थव्यवस्थेचे आहेत. यावरून "माझी अर्थव्यवस्था कच्ची आहे" असे ठरवू नका, तीन प्रश्न त्यासाठी फार थोडे आहेत. तुमच्या जुन्या सराव पेपरांतले "पक्के पण चूक" प्रश्न एकत्र काढा. त्यांतही अर्थव्यवस्था पुढे आली तरच तो निष्कर्ष टिकतो.

आता अज्ञान. तिनांत अडकलेले 12, निव्वळ अंदाजाचे 10 आणि सोडलेले 12, असे 34 प्रश्न उरतात. इथे नव्या पुस्तकांचा मोह होतो. म्हणून विकत घेण्याआधी हातातली पुस्तके उघडून प्रत्येक प्रश्नाचे उत्तर त्यांत आहे का ते शोधायचे. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्यात दोन दिवस जातात, पण तुम्ही ते केले आहे. तक्त्याच्या शेवटच्या रकान्याप्रमाणे 15 प्रश्नांची उत्तरे तुमच्याच पुस्तकांत आणि नोट्समध्ये सापडली, काही ठिकाणी तर ओळ तुमच्याच पेन्सिलने अधोरेखित होती. 8 प्रश्न एनसीईआरटी, आर्थिक पाहणी अहवाल अशा सर्वसाधारण स्रोतांत होते, पण तुम्ही ते भाग वाचले नव्हते. 11 प्रश्नांची उत्तरे कोणत्याही नेहमीच्या स्रोतात सापडली नाहीत.

त्या 11 प्रश्नांमागे धावू नका. आयोग दरवर्षी काही प्रश्न असे घालतोच आणि पुढच्या वर्षी ते वेगळे असतात. नव्या क्लासच्या जाहिरातीत "आमच्या साहित्यातून इतके प्रश्न आले" असा दावा असतो, तो बहुतेक याच प्रकारच्या प्रश्नांवर उभा असतो आणि पेपर झाल्यावर मोजलेला असतो. 8 प्रश्नांसाठी वाचन थोडे वाढवावे लागेल: आर्थिक पाहणीची दोन-तीन प्रकरणे, भूगोलाचे अकरावीचे एनसीईआरटी. नवा संच घ्यायची गरज नाही. 15 प्रश्नांसाठी नवे काहीच वाचायचे नाही. ते तुम्ही वाचलेले आहे, दोन तासांच्या ताणाखाली आठवले नाही. त्यावर उपाय उजळणी, तीसुद्धा पुस्तक बंद करून. एक प्रकरण वाचून झाले की कोऱ्या कागदावर त्यातले आठवेल तेवढे लिहा, मग उघडून पाहा. पुन्हा वाचताना सगळे ओळखीचे वाटते आणि त्यामुळेच ते येते असा भास होतो. अधोरेखित ओळी विसरल्या गेल्या त्या याच कारणाने. क्लास बदलल्यावर हाच अभ्यास दुसऱ्या नोट्समधून, पहिल्यापासून, पुन्हा न विसरण्याच्या तयारीशिवाय झाला असता.

एका गैरसमजाचीही नोंद घेतो, कारण तुमच्या तक्त्याखाली "2023 ला बसलो असतो तर पास झालो असतो" असे लिहिलेले दिसले. खुल्या प्रवर्गाचा कटऑफ 2022 मध्ये 88.22 होता, 2023 मध्ये 75.41 वर आला आणि 2024 मध्ये पुन्हा 87.98 झाला. पेपर अवघड असला की कटऑफ उतरतो, कारण तो सगळ्यांनाच अवघड जातो. 2024 च्या पेपरात 80 मिळवणाऱ्या माणसाला 2023 च्या पेपरात 80 मिळाले नसते. "पेपर कठीण होता" किंवा "कटऑफ जास्त लागला" हे नशिबाच्या खात्यात टाकू नका. नशिबाच्या खात्यात जाते ते फक्त तुमच्याच बाबतीत घडलेले: ऐन परीक्षेला ताप येणे, केंद्रावर बसण्याच्या जागेची अडचण, आणि खऱ्या पन्नास-पन्नास प्रश्नांत निम्म्याहून बरेच कमी बरोबर येणे. तुमच्या तक्त्यात यातले काहीही नाही.

मग नियोजनात काय बदलायचे? पहिला बदल पर्याय उडवण्यात. आजपासून कोणताही पर्याय उडवायचा असेल तर त्यामागचे तथ्य मनात एका वाक्यात सांगता आले पाहिजे: "361 नुसार", "अमुक नदी अमुक राज्यातून जात नाही". तसे सांगता आले नाही तर पर्याय उडवायचा नाही, फक्त संशयित म्हणून ठेवायचा. मग काही प्रश्न "दोनांत" न राहता "तिनांत" जातील आणि सुरुवातीला वाटेल की खात्री कमी झाली. प्रत्यक्षात खोटी खात्री कमी होते. दुसरा बदल, नकारार्थी प्रश्न. "बरोबर नाही" दिसताच रफ पानावर त्या क्रमांकाभोवती गोल करा आणि ओएमआर भरण्याआधी गोल केलेल्या क्रमांकांचे प्रश्न एकदा पुन्हा वाचा. एका पेपरात असे प्रश्न थोडेच असतात, त्यामुळे वेळही फारसा जात नाही.

हे दोन बदल किती देतील याचा हिशेब करता येतो. पर्याय उडवण्याच्या सात चुका तीनवर आल्या तर चार प्रश्न खरे पन्नास-पन्नास होतील आणि त्यांतले दोन बरोबर येतील, म्हणजे सव्वापाच गुणांच्या आसपास. दोन नकारार्थी प्रश्न वाचले तर आणखी तितकेच. नवे काही न वाचता 80 चे साधारण 90 होतात. त्याच कटऑफला तुम्ही पार व्हाल.

पण एवढ्यावर थांबू नका, आणि नशिबाचा खरा विचार इथे करायचा आहे. तुम्ही 48 प्रश्न कमी-जास्त अनिश्चिततेत सोडवलेत. इतक्या अनिश्चित प्रश्नांत तीच तयारी, तोच माणूस आणि तोच पेपर असला तरी गुण दोन्ही बाजूंना सहज नऊपर्यंत हलतात, हे वरच्या शक्यतांवरून काढता येते. तुमची सरासरी 90 झाली आणि कटऑफ 88 लागला तर पास होणे अजूनही जवळपास नाणेफेकच आहे. नशीब आपल्या हातात नाही, पण त्याला किती जागा द्यायची ते बरेचसे हातात आहे. त्यासाठी सरासरी 98 च्या आसपास न्यावी लागेल, आणि ते डावपेचाने होणार नाही, ज्ञानानेच होईल. त्या 15 आणि 8 प्रश्नांच्या जातीचे पाच-सहा प्रश्न "तिनांत"मधून "पक्के"मध्ये आले तर सात-आठ गुण वाढतात. म्हणून क्रम असा ठेवा: पहिले सहा आठवडे पर्याय उडवण्याची पद्धत आणि चुकीचे बसलेले ज्ञान, त्यानंतरचे महिने बंद पुस्तकाची उजळणी. निव्वळ अंदाजाचे 10 प्रश्न सरासरीने काही देत नाहीत, फक्त गुण वर-खाली हलवतात. पक्के आणि दोनांतले मिळून तुम्ही सुरक्षित आहात असे पेपरात वाटले तर ते सोडा. खूप मागे आहात असे वाटले तरच त्यांना हात लावा.

सरावासाठी क्लासचे पेपर कमी आणि आयोगाचे जुने पेपर जास्त वापरा. सराव पेपर बनवणाऱ्याला टोकाच्या विधानांची तीच सवय असते, त्यामुळे चुकीचा नियम तिथे बरोबर ठरतो आणि घट्ट होतो. 2018 ते 2023 चे पेपर, दोन तासांत, ओएमआर भरून, याच नोंदींसह सोडवा. काही प्रश्न ओळखीचे निघतील. उत्तर आधीपासून आठवत असेल तर त्या क्रमांकावर फुली मारून तो हिशेबातून वगळा. चार पेपर झाले की "दोनांत"चे ऐंशी-शंभर प्रश्न जमतील. त्यांत बरोबर पर्याय आधीच उडवल्याचे प्रमाण पाहा. 2024 ला ते 26 पैकी 7 होते, म्हणजे चारांत एकाहून थोडे जास्त. ते दहांत एकाच्या जवळ आले तर पद्धत सुधारली आणि उजळणीकडे वळा. ते चारांत एकाच्या आसपासच राहिले, आणि उडवण्याचे कारण आता "टोकाचे विधान" नसून प्रत्येक वेळी एखादे तथ्य असेल, तर माझे निदान अपुरे होते असे समजा. मग तुमची अडचण डावपेचाची नसून मुळातल्या वाचनाची आहे, आणि तेव्हा त्या विषयाचे पुस्तक किंवा शिक्षक बदलण्याचा विचार योग्य ठरेल. तोही ज्या विषयात ही तथ्ये गोळा होतात तेवढ्या एकाच विषयापुरता.